जुना तन्मणी आणि नथ : मोती बसरा, कल्चर की खोटे? घरी कसं ओळखायचं?

सायली_द

नमस्कार. सासरकडून एक तन्मणी, एक नथ आणि कुड्यांचा जोड माझ्याकडे आला आहे. घरात सांगतात की तन्मणी १९१२ च्या आसपास केलेला आहे. १९८७ मध्ये तो परत गाठवून घेतला आणि तेव्हा हरवलेल्या मोत्यांच्या जागी "तसेच" मोती घातले, एवढंच माहीत आहे. एका सराफांनी नुसतं बघून सांगितलं, "सगळे कल्चर आहेत, सोन्याचे पैसे देतो." दुसऱ्यांनी तेच बघून "बसरा आहेत, मोडू नका" असा सल्ला दिला. विकायचं काहीच नाही, पण काय आहे ते कळायला हवं, आणि विम्यातही घालायचं आहे. मोती बारीक आहेत, साधारण अडीच मिलिमीटरचे, रंग सायीसारखा. घरच्या घरी काय तपासता येईल?

पेठकर

सोपं आहे. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासा. खरखर लागली तर बसरा, गुळगुळीत लागला तर कल्चर. शंका राहिलीच तर लायटरच्या ज्योतीवर क्षणभर धरा. खरा मोती काळा पडत नाही. मोत्यांच्या दुकानात समोर करून दाखवतात.

मौक्तिक

पेठकर, दाताची खूण बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकतोय. दाताला जे रवाळ लागतं ते मोत्याच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या कडांमुळे. ते पापुद्रे शिंपल्यातल्या जीवाने घातलेले असतात. कल्चर मोत्यातही ते त्याच जीवाने घातलेले असतात. म्हणून बसरा, जपानी कल्चर, चीनचा गोड्या पाण्यातला, तिघेही दाताला रवाळच लागतात. गुळगुळीत लागतो तो काचेचा, प्लास्टिकचा किंवा शिंपल्याच्या मण्यावर लेप दिलेला खोटा. म्हणजे ही कसोटी "मोती आहे की मोतीच नाही" एवढंच सांगते. त्यातही दाताऐवजी दोन मोती एकमेकांवर अगदी हलके घासावेत. थोडी पांढरी भुकटी आली आणि बोटाने पुसल्यावर पृष्ठभाग जसाच्या तसा राहिला, तर तो मोती.

ज्योतीचा प्रयोग मात्र कृपा करून कोणीही करू नये. प्लास्टिकचा आणि लाखेसारख्या लेपाचा मणी ज्योतीत करपतो हे खरं, म्हणून दुकानात ते ठसतं. पण मोत्याच्या पापुद्र्यांना जोडून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ उष्णतेने सुकतो, मग मोती तपकिरी पडतो, तडकतो, पाणी उतरतं. शंभर वर्षं टिकलेल्या मोत्याची परीक्षा अशी घ्यायची नाही. व्हिनेगर आणि लिंबाचंही तेच. मोती हे कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्लात ते विरघळतंच. त्यातून मोती खरा होता एवढंच कळतं, आणि तोवर त्याचं पाणी गेलेलं असतं.

सायलीताई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकत्र आले आहेत. मोती कोणत्या पाण्यातला, खाऱ्या की गोड्या, हा एक. आणि तो आपोआप झाला की माणसाने शिंपल्यात शस्त्रक्रिया करून करवला, म्हणजे कल्चर, हा दुसरा. बसरा म्हणजे इराणच्या आखातातला, खाऱ्या पाण्यातला, आपोआप झालेला. बसरा हे व्यापाराचं बंदर, पण मोती निघत बहरीन, कुवेत, कतारच्या समुद्रातून आणि मुंबईच्या बाजारात येत. जपानचा अकोया खाऱ्या पाण्यातला पण कल्चर. चीनचे बहुतेक सगळे गोड्या पाण्यातले आणि कल्चर. कल्चर म्हणजे खोटा नव्हे, मोतीच तो.

जास्वंद

छान धागा. चंद्रासाठी करंगळीत मोती घालायला सांगितला आहे. गोड्या पाण्यातला चालतो का? आणि चांदी किती ग्रॅम लागेल? सोमवारीच घालावा ना?

पेठकर

जास्वंद, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दागिन्याची तपासणी चालू आहे.

सायली_द

मौक्तिक, खूप आभार. दोन मोती घासून बघितले, भुकटी आली आणि पृष्ठभाग स्वच्छ राहिला. म्हणजे खोटे नाहीत, हे धरून चालू का? की एकूणएक तपासायचे? आणि वय १९१२ असेल तर कल्चर असणारच नाहीत ना?

मौक्तिक

दोनांवरून बाकीचे ठरत नाहीत, कारण १९८७ मध्ये भर पडली आहे. प्रत्येक पदरातले निरनिराळ्या जागचे तपासा. वेगळा दिसतो तो तर तपासाच.

वयाचं असं आहे. गोल कल्चर मोती बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते १९२० च्या दशकात. म्हणून १९१२ मध्ये गाठवलेल्या मूळ मोत्यांत जपानी कल्चर असण्याची शक्यता नाहीच म्हणा. पण जुना म्हणजे खरा असंही नाही. काचेच्या पोकळ मण्यात माशाच्या खवल्यांचं सत्त्व आणि मेण भरून केलेले मोती युरोपात सतराव्या शतकापासून होत होते. आणि तन्मणी कधी केला याचा पुरावा मूळ मोत्यांपुरताच. १९८७ मध्ये बाजारात चीनचे गोड्या पाण्यातले बारीक मोती भरपूर होते. मला संशय तिथे आहे, दागिन्याच्या पहिल्या जन्मावर नाही.

घरी भिंग असेल, दहापट मोठं दाखवणारं, तर मोत्याचं अंग बघण्यापेक्षा वेज, म्हणजे दोरा ओवायचं भोक, बघा. खोट्याचा लेप वेजाच्या तोंडाशी उचकटलेला असतो, कडा फाटकी दिसते, खालचा काचेचा नाहीतर पांढरा गाभा उघडा पडतो. अकोयासारख्या मणी घातलेल्या कल्चरमध्ये वेजाच्या आत वर मोत्याचा थर, मग एक बारीक काळसर रेघ, मग शिंपल्याचा मणी, अशी पायरी दिसते. नैसर्गिकात अशी पायरी नसते, थर केंद्रापर्यंत सलग जातात. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. चीनच्या गोड्या पाण्यातल्या मोत्यात बहुधा मणी घालतच नाहीत, दुसऱ्या शिंपल्याच्या कातडीचा बारीक तुकडा घालतात. तुकडा विरून जातो, मोती आरपार मोतीच असतो. त्यामुळे वेजात तोही सलग दिसतो. दात, भिंग, वजन, सगळ्यांतून तो बसऱ्याबरोबरच पास होतो.

रेशीमगाठ

आमच्याकडे मोती गाठवायचंच काम आहे, म्हणून वेजाबद्दल लिहिते. जुने मोती वजनावर विकले जात, त्यामुळे वेज पाडणारा जितकं कमी काढता येईल तितकं काढायचा. कमानीच्या सामत्याने, म्हणजे कमानीने फिरवायच्या गिरमिटाने, हाताने, दोन्ही बाजूंनी, आणि मध्ये भेटवायचं. कधी मध्ये जरा वाकडं जुळलेलं असतं, सुई तिथे अडते. बसऱ्याच्या वेजातून आमची नेहमीची सुई जातच नाही, दोऱ्याच्या टोकाला पीळ देऊन, डिंकाने कडक करून घालावा लागतो. चीनचा मोती यंत्राने वेजलेला, सरळ आणि रुंद.

घरी मोजायचं तर धातूची तार आत घालू नका, वेजाची कड तुटते. मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याच्या रिळावर जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ०.३५ चा आणि ०.६० चा असे दोन तुकडे घ्या, टोक तिरकं कापा. ०.३५ चा जेमतेम जातो किंवा अडतो, तो हाताचा वेज. ०.६० चा सहज आरपार जातो तो बहुधा यंत्राचा.

यासाठी तन्मणी उलगडावा लागेल. सरळ कात्री लावू नका. एकेक पदर सुटा करा, जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवीन बारीक रेशीम जोडून मोती त्याच क्रमाने त्यावर सरकवून घ्या. चढता-उतरता क्रम एकदा मोडला की जुळवताना जीव जातो. खाली कड असलेलं ताट आणि त्यात मलमल. बाहेर कोणाकडे देणार असाल तर समोर मोजून, तोलून, दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या.

मनामा

बहरीनहून लिहितोय. इथे कल्चर मोत्यांच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे, दुकानात फक्त नैसर्गिक. त्यामुळे बघायला भरपूर मिळतात. एक गोष्ट लक्षात येते : एका पदरातले दोन मोती कधी हुबेहूब नसतात. कुठे सायीचा रंग, कुठे किंचित गुलाबी, कुठे हिरवट छटा, आणि गोलाईत बारीकसा फरक. सगळे मोती एकसारखे पांढरेशुभ्र दिसले तर रसायनाने उजळलेले समजा.

मौक्तिक

मनामा, सहमत, पण उलट बाजू धरू नका. जुन्या काळीही मोती उजळून घेत, आणि चीनच्या मोत्यांतही रंगांची विविधता खूप असते. शिवाय जुळवून लावलेल्या जुन्या पदरात फरक फार कमी असू शकतो. रंग हा सुगावा आहे, पुरावा नाही.

शुभांगी_नागपूर

माझ्याकडे हैदराबादहून घेतलेली माळ आहे, "अस्सल हैदराबादी मोती" म्हणून. वर्षभरात मानेला लागतात त्या मोत्यांचा रंग सोलून निघाला, खाली पांढरा मणी दिसतोय. दुकानात घासून, ज्योतीवर धरून दाखवलं होतं. मग हा खरा मोती खराब झाला म्हणायचं का?

मौक्तिक

शुभांगीताई, खऱ्या मोत्याचा रंग असा पापुद्र्याने सुटत नाही. घामाने तो निस्तेज होतो, झिजतो. सोलून निघतो तो लेप. तुमचा बहुधा शेल मोती आहे, म्हणजे शिंपल्याच्या कवचाचा मणी आणि वर चकाकीचा लेप. तो जड असतो, हाताला थंड लागतो, म्हणून फसगत होते. दुकानात दाखवलेला मोती आणि पिशवीत घातलेली माळ एकच होती का, हे आता कळणार नाही. हैदराबादला मोती वेजण्या-गाठवण्याचा आणि विकण्याचा जुना व्यवसाय आहे, पण तिथे समुद्र नाही. तिथल्या बाजारात आज बहुतांश माल चीनचा, गोड्या पाण्यातला. तो चांगलाच असू शकतो. नावावरून काही ठरत नाही.

सायली_द

तन्मणी उलगडून घेतला, रेशीमगाठ यांनी सांगितलं तसाच. एकूण ११२ मोती. ०.३५ चा दोरा ८९ मोत्यांत अडतो किंवा जेमतेम जातो. २३ मोत्यांत ०.६० चा सरळ जातो. हे २३ वेगळे काढल्यावर डोळ्यांनाही फरक दिसला : जास्त पांढरे, एका बाजूने चपटे, आणि सात-आठांवर कमरेभोवती बारीक वळी. वेजात काळी रेघ एकातही नाही. आता वजनाचं काय करू? घरात ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे.

मौक्तिक

फारच व्यवस्थित काम केलंत. वजन असं करा. आधी मोती कोरडे तोला, ते झालं वजन. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. मोती जाळीच्या बारीक पिशवीत घालून, दोऱ्याने वर धरून पाण्यात पूर्ण बुडवा. पिशवी तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येतो तो मोत्यांनी हटवलेल्या पाण्याचा. रिकाम्या पिशवीने तेच करून तिचा आकडा वजा करा. वेजात हवेचे बुडबुडे अडकतात, त्यासाठी पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि पिशवी हलकेच हलवा. मग कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. मोती २.७ च्या आसपास येतो. प्लास्टिक दीडच्याही खाली राहतं, मेण भरलेली पोकळ काच मोत्यापेक्षा बरीच हलकी येते. भरीव काचेचं मात्र काही सांगता येत नाही, ती वर-खाली कुठेही येते, आणि शेल मोती तर मोत्याच्याच आकड्यावर येतो. झाल्यावर साध्या पाण्याने विसळून लगेच मलमलीवर पसरा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय गाठवू नका.

सायली_द

८९ मोती : कोरडे १.९४ ग्रॅम, पाणी ०.७२, म्हणजे २.६९.
२३ मोती : कोरडे ०.५२, पाणी ०.१९, म्हणजे २.७४.

दोन गटांत फरक आला! म्हणजे २३ नक्की वेगळे, बरोबर?

मौक्तिक

वेगळे असतील, पण या आकड्यावरून नाही. तुमचा काटा ०.०१ चा आहे. ०.१९ हा आकडा प्रत्यक्षात ०.१८ ते ०.२० मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे उत्तर २.६ पासून २.९ पर्यंत सरकतं. मोती इतके थोडे असले की वजनाची कसोटी बोथट होते. ८९ चा आकडा जास्त भरवशाचा आहे. दोन्ही आकड्यांतून एवढं ठरतं की दोन्ही गटांत प्लास्टिक किंवा पोकळ काच नाही. एक पडताळाही करून बघितला : सगळे मिळून ०.९१ घनसेंटीमीटर भरतात, ११२ ने भागलं तर एका मोत्याचा व्यास साधारण अडीच मिलिमीटर निघतो. तुम्ही सुरुवातीला लिहिलं तेच. म्हणजे मापात गडबड नाही.

माझं मत : २३ मोती १९८७ ची भर, चीनचे, गोड्या पाण्यातले. चपटेपणा, कमरेची वळी, रुंद सरळ वेज, तिन्ही खुणा एकाच दिशेला जातात. ८९ मोत्यांबद्दल वेज, वय आणि रंग बसऱ्याच्या बाजूने आहेत. पण "बाजूने आहेत" एवढंच मी लिहीन.

पेठकर

मग ८९ पक्के बसरा झाले की! अजून काय हवं? दातांच्या डॉक्टरकडे एक एक्स-रे काढला की मणी दिसतो म्हणतात, तोही करून टाका.

मौक्तिक

पेठकर, त्या एक्स-रेत मणी असला तर दिसू शकतो, हे खरं आहे. पण मणी नाही हे आपल्याला वेजातूनच कळलंय. उरलेला प्रश्न बिनमण्याच्या कल्चरचा आहे. त्यात केंद्राशी एक बारीक वेडीवाकडी पोकळी राहते, आणि नैसर्गिकात बहुधा कांद्यासारखे एकात एक थर आणि मध्ये छोटा गडद गाभा दिसतो. अडीच मिलिमीटरच्या मोत्यात, त्यातून वेज आरपार गेलेला असताना, हा फरक दाताच्या फिल्मवर वाचता येणार नाही. त्याला रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेतलं सूक्ष्म एक्स-रे यंत्र आणि ते वाचणारा माणूस लागतो. तिथेच आणखी एक तपासणी होते : एक्स-रेच्या माऱ्यात गोड्या पाण्यातला मोती प्रकाशतो, कारण त्यात मँगनीज जास्त असतं. खाऱ्यातला सहसा प्रकाशत नाही. तुमचे दोन गट वेगळे करायला ही पुरेशी ठरावी.

मुंबईत जीआयए आणि जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, दोन्हींकडे विचारा. देण्याआधी दोन गोष्टी नक्की करून घ्या : प्रत्येक मोती तपासणार की नमुन्याने काही, आणि अहवालात गट वेगळे लिहिणार का. मोती दोन वेगळ्या पदरांत, तात्पुरत्या रेशमावर ओवून द्या, नाहीतर "मिश्र" एवढाच शेरा मिळेल आणि विम्याला उपयोग होणार नाही.

रेशीमगाठ

एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. २३ सगळेच चीनचे असतील असं नाही. जुन्या मोत्याचा वेज आम्हीच कित्येकदा मोठा करतो. गिऱ्हाइकाला रेशमाऐवजी तारेत हवं असतं, मग बारीक वेज चालत नाही. ज्यांच्यावर वळी नाहीत आणि चपटेपणा नाही, त्यांच्या वेजाच्या तोंडाशी बघा : बाहेर रुंद आणि आत मध्यावर एकदम अरुंद असेल तर तो नंतर वाढवलेला हाताचा वेज. यंत्राचा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखा.

मौक्तिक

हे महत्त्वाचं आहे आणि मी ते धरलं नव्हतं. बारीक वेज ही जुन्याची खूण, पण रुंद वेज ही नव्याची खूण नव्हे. सायलीताई, २३ मधले असे निघाले तर तिसरा गट करा.

सायली_द

बघितलं. चार मोती तसे आहेत, तोंडाशी रुंद, मध्ये दोरा अडतो. गोलही आहेत आणि रंग ८९ सारखाच. आता ८९, ४ आणि १९ असे तीन पदर केले आहेत. नथीचं काय करू? तिचे मोती मोठे, चार-साडेचार मिलिमीटरचे, सोन्याच्या तारेत. कुड्यांचे सात-सात मोती तर घट्टच बसवलेले आहेत, वेज दिसतच नाहीत.

मौक्तिक

कुड्या तशाच द्या. बसवलेल्या मोत्याचीही प्रयोगशाळा तपासणी करते, फक्त सोनं एक्स-रे अडवतं, त्यामुळे काही मोत्यांबद्दल निष्कर्ष येणार नाही अशी तयारी ठेवा. नथ मात्र सोडवू नये असं मला वाटतं. तारेचा पीळ एकदा उलगडला की जुनी तार तुटते.

रेशीमगाठ

मी सोडवीन. साडेचार मिलिमीटरचा मोती बसरा निघाला तर तन्मण्यातल्या सगळ्यांपेक्षा त्याची किंमत जास्त असू शकते, आणि अर्धवट अहवालावर विमा होत नाही. तार नवीन घालता येते. फक्त जुनी तार तोलून परत घ्या आणि मोत्यांचा क्रम फोटोत ठेवा.

मनामा

नथीतल्या मोत्यांवर हलक्या हाताने बॅटरी धरून मोती फिरवून बघा. आत मणी असेल तर फिरवताना समांतर पट्टे दिसतात. साडेचार मिलिमीटरला दिसायला हवेत. तेही नथ न सोडवता.

मौक्तिक

बघायला हरकत नाही. पट्टे दिसले तर कल्चर नक्की. नाही दिसले तर काहीच ठरत नाही, थर जाड असला की पट्टे झाकले जातात. बॅटरी एलईडीची, प्रकाश बारीक झोताचा आणि खोलीत अंधार हवा. फार वेळ मोत्याला चिकटवून धरू नका, गरम होतो.

सायली_द

नथीच्या तीन मोठ्या मोत्यांत पट्टे दिसले नाहीत. एकात मात्र फिरवताना दोनदा चमक मारल्यासारखी होते, एकदा इकडून आणि अर्ध्या फेरीनंतर परत. हे काय?

मौक्तिक

त्या एका मोत्याचा निष्कर्ष वेगळा द्यावा असं प्रयोगशाळेच्या अर्जात लिहा. अर्ध्या फेरीला परत येणारी चमक ही पातळ थराखालच्या शिंपल्याच्या मण्याची खूण असते. त्या नथीचा एक मोती कधीतरी बदलला गेला असावा. कधी बदलला, हे घरात कोणाला आठवतंय का विचारून ठेवा. नथ सोडवायची की नाही ते रेशीमगाठ आणि मी इथे भांडत बसण्यापेक्षा प्रयोगशाळेलाच आधी फोटो पाठवून विचारा, तारेत असताना तपासता येईल का ते.